‘रचनात्मक सूचना’ ही कोणती सूचना?

अनुवादक, धरमपेठ

एका खासगी कंपनीच्या कर्जाच्या वादातील कागदपत्रांचे मी मराठी भाषांतर करीत आहे. ‘घटनापत्रक’ आणि ‘नियमावली’ हे शब्द रुळलेले असल्यामुळे त्यांची अडचण नाही. मी अडले आहे ते ‘कन्स्ट्रक्टिव्ह नोटीस’ या संज्ञेपाशी. तिला ‘रचनात्मक सूचना’ म्हटलेले मी वाचले आहे, परंतु येथे रचना कसलीच नाही आणि सूचनाही कोणी कोणाला दिलेली नाही.

प्रकरण असे आहे. बुटीबोरीजवळच्या एका शीतगृह कंपनीच्या नियमावलीनुसार संचालक मंडळ 50 लाख रुपयांपर्यंत आपल्या अधिकारात कर्ज काढू शकते. त्यापुढच्या रकमेला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. मंडळाने दुसऱ्या एका कंपनीकडून 80 लाख रुपये घेतले आणि कर्जाच्या अर्जात ‘सभेची मंजुरी घेतली आहे’ असे लिहून दिले. प्रत्यक्षात सभा झालीच नव्हती. आता धनको ‘आंतरिक व्यवस्थापनाच्या नियमा’चा आधार घेतो, तर शीतगृह कंपनी म्हणते, की धनकोला नियमावलीची ‘रचनात्मक सूचना’ होती. हे वाक्य मराठीत वाचणारा माणूस पहिल्यांदा हेच विचारील, की ती सूचना पाठवली कोणत्या तारखेला?

भागधारक, इतवारी

ताई, माझी तक्रार नेमकी हीच आहे. मी एका कंपनीचा भागधारक आहे. वार्षिक सभेच्या 21 दिवस आधी सूचना मिळायला हवी होती. मला ती मिळालीच नाही आणि सभा झाल्याचे नंतर कळले. याला रचनात्मक सूचना म्हणता येईल काय? आणि सभा नीट भरलीच नसेल, तर त्या आंतरिक व्यवस्थापनाच्या नियमाखाली मला दाद मागता येईल काय?

कंपनी सचिव, सीताबर्डी

काका, तुमची तक्रार खरी असली तरी ती वेगळी आहे. तुम्हाला हवी होती ती सभेची सूचना, म्हणजे पाठवायचा कागद. आंतरिक व्यवस्थापनाचा नियम कंपनीशी व्यवहार करणाऱ्या बाहेरच्या माणसाच्या संरक्षणासाठी आहे, त्यामुळे सभासद म्हणून तुमची दाद त्यातून निघणार नाही. मात्र तुमच्या प्रश्नामुळे ताईंची अडचण अगदी स्पष्ट झाली, कारण ‘सूचना’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर टपालाने येणारा कागद उभा राहतो.

कायद्यात ‘नोटीस’ या शब्दाचा दुसरा अर्थ ‘माहिती असणे’ असा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 3 मध्ये तो याच अर्थाने येतो. एखादी गोष्ट माणसाला प्रत्यक्ष ठाऊक असेल, किंवा त्याने चौकशी करण्याचे मुद्दाम टाळले नसते तर ती त्याला कळली असती, तर ती त्याला ठाऊक होती असेच धरले जाते. कंपनीचे घटनापत्रक आणि नियमावली निबंधकाकडे नोंदलेली असतात आणि 2013 च्या अधिनियमाच्या कलम 399 नुसार ठरलेले शुल्क भरून ती कोणालाही पाहता येतात. म्हणून कंपनीशी व्यवहार करणाऱ्याने ती वाचली आहेत आणि त्यांचा अर्थ त्याला समजला आहे, असे कायदा धरून चालतो. मी ‘मानीव माहिती’ असा शब्द सुचवीन. सदनिकाधारकांना ‘मानीव अभिहस्तांतरण’ हा शब्द परिचित आहे, त्यामुळे ‘मानीव’ कोणाला परका वाटणार नाही.

विधी शाखेचा विद्यार्थी

सर, मग निकाल सरळ आहे. नियमावलीत 50 लाखांची मर्यादा होती आणि धनकोला ती ठाऊक होती असे मानले जाईल, म्हणून वरचे 30 लाख अधिकारबाह्य ठरून बुडाले. घटनापत्रकाच्या बाहेरचे काय आणि नियमावलीच्या बाहेरचे काय, दोन्ही सारखेच शून्य.

कंपनी सचिव, सीताबर्डी

मानीव माहितीपर्यंत तुमचे बरोबर आहे, पुढे मात्र दोन ठिकाणी गफलत झाली आहे.

पहिली गफलत ‘अधिकारबाह्य’ या शब्दाची आहे. 1875 च्या ॲशबरी प्रकरणातील कंपनी रेल्वेचे डबे बनवणारी होती आणि तिने बेल्जियममधील एका लोहमार्गाच्या बांधकामाला पैसा पुरवण्याचा करार केला. घटनापत्रकातील उद्देशांत ते काम बसत नव्हते, म्हणून सर्व भागधारकांनी एकमुखाने मान्यता दिली असती तरी तो करार जिवंत होऊ शकत नाही, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले. आपली शीतगृह कंपनी मात्र आपल्या धंद्यासाठीच कर्ज काढत होती. व्यवहार कंपनीच्या अधिकारात होता, संचालकांच्या अधिकारात नव्हता, आणि अशा व्यवहाराला सभासद मागाहूनही मान्यता देऊ शकतात. म्हणून ‘अधिकारबाह्य’ लिहिताना कोणाच्या अधिकाराबाहेर, हे भाषांतरात दरवेळी आलेच पाहिजे.

दुसरी गफलत अशी, की तुम्ही ती तरतूद अर्धीच वाचली. ‘50 लाखांपुढे कर्ज काढू नये’ असे ती म्हणत नाही. ‘50 लाखांपुढे सभेच्या ठरावाने काढावे’ असे म्हणते. 1856 च्या टरक्वांड प्रकरणात हेच घडले होते. सभेच्या ठरावाने जेवढी ठरेल तेवढी रक्कम संचालकांनी कर्जरोख्यावर उभारावी, असे त्या कंपनीच्या दस्तऐवजात होते. पुरेसा ठराव झाला नव्हता, तरीही कंपनी बांधली गेली. दस्तऐवज वाचणाऱ्याला त्यात मनाई दिसत नाही, अटीवर दिलेली परवानगी दिसते, आणि ती अट आतल्या आत पूर्ण झाली असावी असे धरण्याचा त्याला हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले. सभेचे इतिवृत्त कंपनीच्या कपाटात असते आणि बाहेरच्या माणसाला ते कपाट उघडता येत नाही. म्हणून मला ‘आंतरिक’पेक्षा ‘अंतर्गत कारभाराचा नियम’ अधिक नेमका वाटतो. अर्थात, धनकोला खरी गोष्ट ठाऊक असेल किंवा संशयाला जागा असूनही त्याने विचारले नसेल, तर हे संरक्षण त्याला मिळत नाही. ठरावाची प्रतच बनावट असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो.

निवृत्त बँक अधिकारी, वर्धमाननगर

या चर्चेत एक विशेषण राहून गेले आहे. सभेचा ठराव साधा की विशेष? साधा ठराव सहसा निबंधकाकडे जात नाही. विशेष ठराव मात्र कलम 117 नुसार 30 दिवसांत `MGT-14` या नमुन्यात दाखल करावा लागतो आणि एकदा दाखल झाला, की तो जगजाहीर कागद होतो. मग धनकोला ‘कपाट बंद होते’ असे म्हणता येत नाही. त्याने नोंद पाहायला हवी होती आणि ती नसल्याचे त्याला दिसायला हवे होते. 1877 च्या आयर्व्हिन प्रकरणाचे तत्त्व हेच आहे. आमच्या शाखेत मोठे कर्ज देण्यापूर्वी हा शोध घेतल्याशिवाय फाइल पुढे सरकत नसे.

अनुवादक, धरमपेठ

मी आत्ताच मूळ प्रत पुन्हा उघडली. त्यात ‘विशेष ठराव’ असेच आहे. वाक्य सुटसुटीत व्हावे म्हणून पहिल्या मसुद्यात मी ‘विशेष’ गाळले होते आणि वरच्या प्रश्नातही तसेच लिहिले. ते आता परत घातले आहे. मात्र अर्जात सभेची जी तारीख दिली आहे, तिच्यानंतर नवव्या दिवशी रक्कम वळती झालेली दिसते.

कंपनी सचिव, सीताबर्डी

मग वाद पुन्हा उघडला. नवव्या दिवशी नोंद नसण्याचा अर्थ ठराव झालाच नाही असा होत नाही, कारण दाखल करण्याची मुदत अजून 21 दिवस शिल्लक होती. अशा वेळी नोंद नसल्याची मानीव माहिती धनकोवर लादता येईल, असे मला वाटत नाही.

निवृत्त बँक अधिकारी, वर्धमाननगर

मला वाटते. नोंद नाही असे दिसल्यावर ठरावाची प्रमाणित प्रत मागायला हवी होती आणि ती न मागणे हेच चौकशी टाळणे आहे. शब्दाबद्दल म्हणाल, तर ‘मानीव’ हे ‘डीम्ड’साठी आधीच वापरात असल्यामुळे तो येथेही आणला तर दोन संज्ञा एकमेकींत मिसळतील, ही माझी शंका कायम आहे.

अनुवादक, धरमपेठ

या प्रकरणात ‘डीम्ड’ कोठेही आलेले नाही, म्हणून तूर्त ‘मानीव माहिती’ असे लिहीत आहे आणि पहिल्या उल्लेखापाशी इंग्रजी संज्ञा देवनागरीत ठेवत आहे. यापेक्षा नेमका शब्द कोणाला सुचला तर सोमवारपर्यंत कळवावा. मसुदा त्या दिवशी द्यायचा आहे.