अनुभव धागा: क्लास न लावता, पुस्तकांवरून जर्मन

धागाकर्ती
पुढच्या वर्षी नोकरीसाठी जर्मनीला जायचंय. शिफ्टमुळे क्लास जमत नाही. अप्पा बळवंत चौकातून 'मेन्शेन ए१'चं जुनं पुस्तक आणलं आणि तिसऱ्या धड्यातच अडकले. पानोपानी 'जोडीदाराला विचारा' असं आहे आणि उत्तरं कुठेच नाहीत. ज्यांनी घरी बसून पहिल्यापासून केलंय त्यांनी पुस्तक नेमकं कसं वापरलं ते लिहा.

बाणेरकर
तुमच्याकडे कुर्सबुख आहे. ते वर्गासाठी लिहिलेलं असतं, शिक्षक समोर आहे असं धरून. एकट्याने शिकणाऱ्याचं खरं पुस्तक म्हणजे त्याच्या जोडीचं आरबाइट्सबुख, सरावाचं. ते आधी घ्या, आणि कोरं घ्या. मी जुनं घेतलं होतं, त्यात आधीच्या मालकाने पेनाने उत्तरं भरलेली, त्यातली बरीच चुकीची. मेन्शेनच्या सरावाची उत्तरं आणि ऐकण्याच्या पाठांचा लिखित मजकूर ह्यूबर प्रकाशनाच्या साइटवर मोफत मिळतो. दोन्ही छापून वहीत चिकटवा.

माझी पद्धत सांगतो. ऑडिओचा एक मिनिटाचा तुकडा घ्यायचा, तीनदा ऐकायचा, ऐकू येईल तसं लिहायचं आणि मग छापील मजकूर शेजारी ठेवून लाल पेनाने तपासायचं. माझ्या वहीत एका पानावर पाच ठिकाणी एकच चूक होती. मी लिहिलं होतं 'इश हाबे आइन टेर्मिन' (माझी अपॉइंटमेंट आहे), छापलेलं होतं 'आइनेन टेर्मिन'. बोलताना ते शेवटचं 'एन' गिळतात, त्यामुळे कानाला 'आइन'च वाटतं. पण टेर्मिन पुल्लिंगी, आणि कर्म झाल्यावर पुल्लिंगी शब्दाच्या 'आइन'चं 'आइनेन' होतं. नियम मी महिन्यापूर्वीच वाचला होता. तो डोक्यात बसला त्या लाल खुणांमुळे.

सिंहगड रोड
मराठी माणसाला जर्मन सोपं जातं. आपल्याकडे तो-ती-ते, त्यांच्याकडे देअर-दी-दास. मराठी शब्दाचं लिंग बघा, तेच लावा, पाठ करायची गरज नाही.

रानडेची माजी विद्यार्थिनी
असं करू नका. आपला सूर्य 'तो', त्यांचा 'दी'. आपलं दूध 'ते', त्यांचं 'दी'. मुलगी म्हणजे 'दास मेटशेन', चक्क नपुंसकलिंगी. पुस्तक दोन्हीकडे 'ते' आहे, पण तो योगायोग. शब्द लिहितानाच लिंगासकट लिहा, नंतर लावू म्हटलं की राहतंच.

मात्र तीन लिंगं असू शकतात याचं आपल्याला नवल वाटत नाही, हे खरं. मराठीचा खरा फायदा वाक्यरचनेत आहे. इंग्रजीतून समजावणारं पुस्तक वापरणारे थंडी वाजते म्हणताना 'इश बिन काल्ट' लिहितात. बरोबर आहे 'मिअर इस्ट काल्ट', म्हणजे 'मला थंड आहे'. आपण 'मी थंड आहे' म्हणतच नाही! तसंच 'वाइल इश क्रांक बिन': कारण मी आजारी आहे. शब्दाला शब्द जुळतो, क्रियापद शेवटी. मी वहीत इंग्रजी अर्थ लिहिणं बंद केलं आणि समोर मराठी वाक्य लिहायला लागले, तेव्हापासून या चुका कमी झाल्या. मुख्य वाक्यात मात्र क्रियापद दुसऱ्या जागी जातं, तिथे मराठी कामी येत नाही.

हडपसरची आई
माझ्या मुलीचं लग्न जर्मनीतल्या मुलाशी ठरलंय. तिला ए१ लागेल म्हणतात. ती हेच पुस्तक वापरू शकेल का?

बाणेरकर
काकू, वापरू शकेल. पण जावईबापूंकडे ब्लू कार्ड असेल तर बायकोला भाषेच्या दाखल्याची अट नसते. आधी ते विचारून घ्या.

नर्सताई
मी बी१पर्यंत पुस्तकांवरच केलं. गोएथेची बी१ परीक्षा चार भागांत असते: वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं. प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत. माझे पहिले तीन निघाले, बोलणं गेलं. तिथे दोघांना मिळून काहीतरी ठरवायचं असतं. माझ्या जोडीदाराने विचारलं, 'शनिवारी चालेल का?' मला समजलं, पण तोंडातून शब्दच फुटेना. आठ महिन्यांत मी एकाही प्रश्नाला समोरासमोर उत्तर दिलं नव्हतं. तेवढा एकच भाग पुन्हा देता आला, हे नशीब. दुसऱ्या वेळी मैत्रिणीबरोबर रोज वीस मिनिटं पुस्तकातले तेच 'जोडीदाराला विचारा'चे सराव केले आणि पास झाले.

धागाकर्ती
म्हणजे मी जी पानं गाळत होते तीच करायची होती! आरबाइट्सबुख उद्याच आणते. पण ताई, ए१लाच जोडीदार शोधू, की थोडे शब्द साठल्यावर?

नर्सताई
मी उशीर केला, म्हणून म्हणेन लगेच.

रानडेची माजी विद्यार्थिनी
मला नाही पटत. दोघंही नवशिके असले की एकमेकांच्या चुका पक्क्या होतात. निदान पाच-सहा धडे होऊ द्या.

कर्वेनगर
मीही तिसऱ्याच धड्यावर आहे, आणि माझ्याकडे कोरं आरबाइट्सबुख आहे. संध्याकाळी सातनंतर मोकळा असतो. धागाकर्ती, जमेल का?