उत्तर: माफीच्या पुढचे प्रश्न

> "सर्व्हिस फेल्युअरवर मुलांना कोणते प्रश्न द्यावेत? 'तक्रार आली तर काय कराल' म्हटलं की सगळे 'माफी मागू' एवढंच लिहितात."

हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना एकच प्रसंग द्या. शनिवार, रात्रीचे साडेअकरा, महाबळेश्वर. पाहुण्याचं दोन रात्रींचं बुकिंग कन्फर्म, पैसे भरलेले, आणि ओव्हरबुकिंगमुळे खोली शिल्लक नाही.

पहिला प्रश्न: हे कधी कळायला हवं होतं? मुलं काउंटरपासून सुरुवात करतात. खरं तर येणाऱ्यांची यादी आणि रिकाम्या खोल्या संध्याकाळीच जुळवल्या, तर जवळच्या तोडीस तोड हॉटेलात खोली धरून ठेवता येते. साडेअकराला, तेही सीझनमध्ये, कोण देणार?

मग विचारा, दुसरीकडे कोणाला पाठवाल? जो शेवटी आला त्याला, हे सोपं उत्तर. पण तो लहान मुलं आणि आजी घेऊन आला असेल तर? एका रात्रीसाठी आलेला एकटा माणूस हलवणं त्यामानाने सोपं. अर्थात, त्याने चेक-इन करण्याआधीच.

सगळ्यात जास्त वेळ पैशांवर घालवा. गाडीचा खर्च आणि खोलीच्या भाड्यातला फरक हॉटेलनेच द्यायचा, पण काउंटरवरचा मुलगा न विचारता किती खर्च करू शकतो? रिट्झ-कार्लटन हॉटेलांमध्ये कर्मचाऱ्याला एका पाहुण्यामागे 2000 डॉलरपर्यंतची मुभा असल्याचं प्रसिद्ध आहे. आपल्याकडे बहुतेकदा मॅनेजरला उठवावं लागतं, आणि पाहुणा तीच कहाणी तिसऱ्यांदा सांगतो.

शेवटचा प्रश्न लॉगबुकचा: सकाळच्या शिफ्टसाठी काय लिहाल? नोंद नसली तर परत आलेल्या पाहुण्याला कोणीतरी हसत विचारतं, "रात्री झोप छान लागली ना, सर?"