अनुभव धागा: परदेशातल्या माणसांशी ठरलेला कॉल एक तासाने का सरकतो?

दर आठवड्याचा कॉल कॅलेंडरमध्ये लावल्यावर मार्चमध्ये किंवा नोव्हेंबरमध्ये त्याची वेळ चुकल्याचा अनुभव असल्यास सविस्तर लिहावा. सुरुवात माझ्यापासून करते.

लातूर, धागाकर्ती: माझी बहीण शिकागोला असते. तिने तिच्या फोनवर दर रविवारी सकाळी नऊचा कॉल लावला होता, जो आमच्याकडे संध्याकाळी साडेसातला येत असे. आईचा देवळातला हरिपाठ सातला संपतो, म्हणून ती वेळ तिला सोयीची होती. 2 नोव्हेंबर 2025 च्या रविवारी आई साडेसातपासून फोन मांडीवर घेऊन बसली आणि कॉल साडेआठला आला. त्या पहाटे अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे गेली होती. कॉल शिकागोच्या नऊला बांधलेला असल्यामुळे आमच्याकडची वेळ पुढे सरकली.

नांदेड: ताई, यात अवघड काही नाही. माझा मुलगा न्यू जर्सीला आहे. मी प्लॅनरमध्ये `EST` निवडतो आणि साडेदहा तासांचा फरक धरतो. उन्हाळ्यात मात्र आमच्या रात्रीच्या आठला प्लॅनर तिथले साडेनऊ दाखवतो आणि मुलगा साडेदहा वाजल्याचे सांगतो, याचे कारण मला कळलेले नाही.

बीड: माझा भाऊ दुबईत आहे. फरक बाराही महिने दीड तासाचा असल्यामुळे आम्हाला कधी कॅलेंडर लागले नाही. आमची अडचण आहे ती संध्याकाळी वीज जाण्याची.

छत्रपती संभाजीनगर: नांदेडच्या काकांनी `EST` सोडून न्यूयॉर्क शहर निवडावे. `EST` ही तिथली फक्त हिवाळ्याची वेळ असून मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत फरक साडेनऊ तासांचा असतो. शहर निवडले की हा बदल प्लॅनर स्वतः करतो. लातूरच्या ताईंनी कॉल उघडून `Time zone` मध्ये भारताची वेळ निवडावी, पण तेवढ्यावर थांबू नये, कारण क्षेत्र बदलले तरी नऊचा आकडा तसाच राहतो आणि कॉल आपल्या सकाळी नऊला जातो. साडेसात पुन्हा भरावेत आणि जतन करताना `This and following events` निवडावे. मग हिवाळ्यात बहिणीला तो सकाळी आठला दिसेल.

परभणी: मला हे पटत नाही. माझी सून लंडनला असून तिच्या कामाची वेळ हलत नाही, त्यामुळे आम्ही कॉल तिच्याच वेळेला बांधला. शिवाय पुतण्या शिकागोला आहे. 2026 मध्ये अमेरिकेची घड्याळे 8 मार्चला आणि लंडनची 29 मार्चला पुढे जाणार, म्हणजे मधले तीन रविवार पुतण्याला कॉल एक तास उशिरा पडणार. तेवढ्या तारखा मी हाताने बदलून ठेवते. यापेक्षा सोपी तोड मला सापडलेली नाही.

लातूर, धागाकर्ती: आईचा हरिपाठही हलत नाही, म्हणून आम्ही भारताची वेळ ठेवली. रविवारी आठला उठायला बहीण तयार आहे.