‘युनिडायरेक्शनल बेझल’ला मराठीत काय म्हणाल?

सागरवेडा: मालवणच्या मुलांसाठी डायव्हिंगच्या घड्याळावर दोन पानं मराठीत लिहितोय आणि पहिल्याच ओळीत अडलो. काचेभोवतीची रिंग जी एकाच बाजूला फिरते, तिला मी ‘एकेरी कडं’ लिहिलं तर मित्र म्हणतो एकेरी म्हणजे एकपदरी.

शब्दप्रेमी_सातारा: कोंदण! दागिन्यातल्या बेझलला सोनार कोंदणच म्हणतात. आयता शब्द असताना रिंग कशाला?

सागरवेडा: पण कोंदण खडा धरून ठेवतं, ते फिरत नाही हो. इथे फिरण्यालाच तर महत्त्व आहे.

खोलपाणी: फिरण्यापेक्षा कुठे फिरतं ते महत्त्वाचं. समजा १०:२० ला पाण्यात उतरलात, रिंगवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर म्हणजे ४ च्या आकड्यावर आणला. १०:५० ला काटा रिंगवर ३० दाखवणार. मधे बोटीच्या शिडीला हात आपटला आणि रिंग पाच मिनिटं सरकली, तर ती काट्यांच्या उलटच सरकू शकते, म्हणून ३० च्या जागी ३५ दिसतील आणि तुम्ही लवकर वर याल. सुलट सरकली असती तर २५ दिसले असते, तुम्ही अजून खालीच राहिला असता, आणि हवा तर तेवढी संपलेलीच असते. म्हणून मी ‘उलटफिरं कडं’ म्हणेन.

शब्दप्रेमी_सातारा: उलटफिरं ऐकायला बरं नाही वाटत. कोंदणावर मी ठाम आहे.

नीला_ठाणे: आणि क्राउनला ‘मुकुट’ नका लिहू प्लीज. आजोबा रोज घड्याळाला चावी द्यायचे, तीच ती चावी. माझ्या घड्याळाची आट्यांची आहे, तारीख बदलली आणि चावी आवळायची राहिली, तसंच पाण्यात गेले तर संध्याकाळी काचेच्या आतून धुकं. आता आधी किंचित उलटी फिरवते, आटे जुळल्याचं बोटाला कळतं, मग दाबून आवळते.

खोलपाणी: बरोबर करताय. आणि पाण्याखाली तिला हातच लावायचा नाही.

कोकणी_माणूस: हेलियम व्हॉल्व्ह पण लिहा ना, वर येताना घड्याळात शिरलेली हवा त्यातून निघते. खोल जाणाऱ्याला हवाच तो.

खोलपाणी: वायू निघतो हे खरं, पण तो हेलियम, आणि तो पाण्यात शिरत नाही. तेलाच्या कामावरचे डायव्हर दिवसेंदिवस दाबाच्या बंद खोलीत राहतात, तिथल्या श्वासाच्या मिश्रणात हेलियम असतो, तो इतका बारीक की रबरी सीलमधूनही घड्याळात मुरतो. मग खोलीचा दाब उतरवताना आतला हेलियम तेवढ्या वेगाने बाहेर पडत नाही, काच उडू शकते. आपण फार तर ४० मीटर जाणार, तेही टाकीतली हवा घेऊन. आपल्याला त्याचा उपयोग नाही. सेइकोने तर १९७५ साली ६०० मीटरचं घड्याळ व्हॉल्व्हशिवाय काढलं, हेलियम आत येऊच नये असं सील बसवून.

शब्दप्रेमी_सातारा: व्हॉल्व्ह नाही, झडप! हृदयाला झडपा चालतात, घड्याळाला का नाही?

कोकणी_माणूस: आमच्याकडे पंपाच्या व्हॉल्व्हला सगळे ‘वॉल’ म्हणतात, झडप म्हटलं तर दुकानदार बघत राहील.

नीला_ठाणे: झडप मासा घालतो की घार?

शब्दप्रेमी_सातारा: घार. पण ती झडप वेगळी, मुळात ‘झड’ धातू आहे का यावर वेगळा धागा काढू या.

सागरवेडा: काढा, पण माझ्या पहिल्या ओळीचं काय? सध्या ‘उलट फिरणारी रिंग’ लिहून ठेवतोय, मुलं रिंगच म्हणतात.