घरचा लॅपटॉप धंद्यात घेतला, आता विकायचा आहे – नोंद कशी करू?

फ्लेक्सवाला_सांगली
नमस्कार मंडळी. माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिका डिझाइनचं दुकान आहे, माझ्या एकट्याच्या नावावर. जीएसटी नंबर आहे, नेहमीच्या पद्धतीने भरतो. जून २०२२ मध्ये शिकत असताना स्वतःसाठी ८४,००० चा लॅपटॉप घेतला होता. १ जुलै २०२४ ला दुकान सुरू केलं तेव्हापासून तोच दुकानात वापरतोय. तेव्हा बाजारभाव साधारण ४०,००० होता, म्हणून त्या किमतीला वहीत घेतला आणि मार्च २०२५ ला ४० टक्के घसारा लावला. आता नवा ७०,००० चा घेतलाय, आणि जुना एका कॉलेजच्या मुलाला २१,००० ला द्यायचं ठरलंय. तीन प्रश्न आहेत. ४०,००० धरले ते बरोबर का? विक्रीची नोंद कुठे करायची? आणि जीएसटी लागतो का?

बाजारपेठ_९९
सोपं आहे भाऊ. स्वतःकडून रोखीत ४०,००० ला खरेदी दाखवायची, आणि विकला की २१,००० सेल्समध्ये टाकायचे. मी प्रिंटर असाच केला.

हिशेबनीस_ताई
भाऊ, दोन्ही नोंदी दुरुस्त करून घ्या. दुकान आणि मालक एकच माणूस आहे, त्यामुळे स्वतःकडून खरेदी होत नाही. रोखीची नोंद केली की गल्ल्यातून न गेलेले पैसे वहीत गेलेले दिसतात, आणि एखाद्या दिवशी रोख शिल्लक उणे येते. शिवाय यंत्रासाठी एका दिवसात एका माणसाला दहा हजारांवर रोख दिले तर ती रक्कम घसाऱ्यासाठी किमतीत धरत नाहीत. म्हणजे जी रोख कधी दिलीच नाही, तिच्यापायी घसारा जाईल.

टॅलीत F7 दाबून जर्नलमध्ये नोंद करायची: लॅपटॉप खाते नावे ४०,०००, मालकाचे भांडवल खाते जमा ४०,०००. बस एवढंच. विक्रीही सेल्समध्ये जात नाही, लॅपटॉप खात्याला जमा होते. सेल्समध्ये टाकलीत तर पूर्ण २१,००० नफा दिसेल आणि वहीत लॅपटॉप तसाच पडून राहील.

फ्लेक्सवाला_सांगली
ताई, मी जर्नलच केली आहे. पण ४०,००० की ८४,०००? माझा एक मित्र म्हणतो बिल ८४ चं आहे, मग ८४ च धर.

हिशेबनीस_ताई
यावर खरंच दोन मतं आहेत. घरची इमारत धंद्यात आणली तर मधल्या वर्षांचा घसारा वजा करूनच किंमत धरा, असं आयकर कायद्यात स्पष्ट लिहिलंय. यंत्राबद्दल तसं काही लिहिलेलं नाही. म्हणून काही सीए म्हणतात, मूळ खर्च ८४,००० धरता येतो. दुसरे म्हणतात, दोन वर्षांची झीज तुझ्या अभ्यासात झाली, ती धंद्यावर का टाकतोस? मी दुसऱ्या बाजूची आहे. चाळीस वर आक्षेप यायची शक्यता कमी, चौऱ्याऐंशीवर जास्त. मात्र ४०,००० कुठून आले याचा पुरावा ठेव. त्या सुमाराचा त्याच मॉडेलचा जुन्या बाजारातला भाव किंवा दुकानदाराने लिहून दिलेली परत-खरेदीची किंमत, आणि सोबत मूळ बिल. नुसता अंदाज चालत नाही.

कोकणस्थ_दुकानदार
माझ्याकडे स्कूटर आहे, तीही अशीच घ्यायची होती. पण मी ४४एडीमध्ये भरतो, उलाढालीच्या सहा-आठ टक्के नफा दाखवतो. मग मला वहीत घ्यायची गरजच नाही ना? घसारा तर मिळतच नाही.

हिशेबनीस_ताई
दादा, वेगळा मिळत नाही, पण मिळाला असंच धरतात. म्हणजे स्कूटर वहीत घेतलीत की तिची किंमत दरवर्षी आपोआप खाली येत जाते, आणि पुढे विकलीत तर घटलेल्या किमतीशीच तुलना होते. शिवाय तो फायदा त्या सहा-आठ टक्क्यांत बसत नाही, वेगळा दाखवावा लागतो. आणि स्कूटर घरच्या कामालाही वापरता ना? तेवढा हिस्सा वगळायचा.

आता सांगलीकर, तुझी विक्री. ४०,००० वर १६,००० घसारा गेला, उरले २४,०००. कायदा एकेका लॅपटॉपचा हिशेब करत नाही, सगळे कॉम्प्युटर मिळून एक गट धरतो. नवा याच वर्षी घेतलाय ना? कधीपासून वापरतोस?

फ्लेक्सवाला_सांगली
ऑगस्ट २०२५ मध्येच घेतला आणि लगेच वापरायला लागलो. ७०,००० जीएसटी सोडून, क्रेडिट घेतलंय. जुनाही याच महिन्यात देतोय.

हिशेबनीस_ताई
मग तोटा असा वेगळा निघणारच नाही. २४,००० अधिक ७०,०००, त्यातून जुन्याची विक्री वजा, आणि उरलेल्यावर ४० टक्के. मार्चपर्यंत १८० दिवसांहून जास्त वापर होतो, म्हणून पूर्ण दर. वहीत लॅपटॉप विक्रीचा तोटा दिसेल तो आयकराच्या हिशेबात नफ्यात परत मिळवायचा, नाहीतर एकच रक्कम दोनदा वजा होते. हे टॅली आपण होऊन करत नाही, आणि इथेच जास्त चुका पाहिल्यात.

नवा घेतला नसता तर गट रिकामा झाला असता आणि उरलेली रक्कम अल्पमुदतीचा भांडवली तोटा ठरली असती. तो धंद्याच्या नफ्यातून वजा होत नाही, फक्त भांडवली नफ्यातून होतो.

विक्री किती धरायची हे मात्र जीएसटीवर अवलंबून आहे. तू नोंदणीकृत आहेस आणि धंद्याची वस्तू विकतोयस, म्हणून १८ टक्के लागतो. मुलगा एकूण २१,००० च देणार असेल तर त्यात सुमारे ३,२०३ कर आणि १७,७९७ तुझे. म्हणजे गटात उरले ७६,२०३, घसारा ३०,४८१.

फ्लेक्सवाला_सांगली
पण ताई, जुन्याच्या खरेदीवर मी क्रेडिट घेतलंच नव्हतं. बिल माझ्या नावावर, जीएसटी नंबरही नव्हता. तरी पूर्ण किमतीवर कर? जुन्या वस्तूंसाठी फक्त फरकावर कर असतो ना?

हिशेबनीस_ताई
ती सवलत जुन्या वस्तूंचा खरेदी-विक्रीचा धंदा करणाऱ्यांना आहे. तुझा धंदा तो नाही. हा कर बोचतो हे खरं आहे, माझ्या दोन ग्राहकांना मीही हेच सांगितलंय.

एक विचारते. गेल्या वर्षी उत्पन्न किती होतं?

फ्लेक्सवाला_सांगली
साधारण सहा लाख. नवीन पद्धतीने भरलं, कर शून्य.

हिशेबनीस_ताई
मग १६,००० घसाऱ्याने तुझा एक रुपयाही वाचला नाही, कारण सात लाखांपर्यंत सूट होतीच. लॅपटॉप घरचाच ठेवला असतास तर आज विकताना जीएसटीचा प्रश्नही नव्हता. बँकेला ताळेबंद दाखवायचा असेल किंवा उत्पन्न मोठं असेल तरच जुनी वस्तू धंद्यात आणणं परवडतं.

बाजारपेठ_९९
मग आधी उचल दाखवून घरी न्यायचा आणि घरून विकायचा. क्रेडिट घेतलं नव्हतं, म्हणजे जीएसटी नाही.

हिशेबनीस_ताई
अर्धं बरोबर आहे. क्रेडिट न घेतलेली वस्तू मोबदल्याशिवाय घरी नेली तर त्यावर जीएसटी येत नाही. पण खरोखर घरी वापरायला नेली पाहिजे. गिऱ्हाईक ठरलंय, आणि सोमवारी उचल, बुधवारी विक्री, हे तारखांवरून दिसतं. शिवाय उचललेल्या वस्तूची किंमत आयकराच्या गटातून कशी वजा करायची यावरही एकमत नाही.

फ्लेक्सवाला_सांगली
मुलाने आजच दुकानाच्या क्यूआरवर ५,००० आगाऊ दिलेत. त्यामुळे बिल करूनच देतो. २१,००० करासह, खाली मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून. ८४ की ४० हे सीएंना विचारतो, ते काय म्हणाले ते इथे टाकतो.