मदत हवी आहे: निबंधातील विरोधी बाजू न्याय्यपणे मांडली आहे की नाही, हे कसे ठरवावे?

पलूसची_शिक्षिका
उद्या सकाळी वह्या परत द्यायच्या आहेत आणि एकाच निबंधापाशी अडून बसले आहे. मुलाने विरोधी मत मांडून खोडलेही आहे, तरीही वाचताना खटकते. या भागाला ४ गुण आहेत. किती द्यावेत?

जुना_परीक्षक
विषय, इयत्ता आणि मुलाचे नेमके शब्द कळल्याशिवाय काय सांगणार?

पलूसची_शिक्षिका
क्षमस्व. इयत्ता नववी, विषय 'उसाला ठिबक सिंचन सक्तीचे करावे का?' मुलगा सक्तीच्या बाजूचा आहे. तो लिहितो: 'काही शेतकऱ्यांना ठिबक नको असते, कारण पाटाने पाणी सोडून निवांत बसायची त्यांना सवय लागली आहे. परंतु जास्त पाण्याने जमिनी क्षारपड होतात, म्हणून त्यांचे म्हणणे चुकीचे आहे.'

मिरज_पूर्व
विरोधी बाजूला निम्मी जागा हवी. येथे एकच वाक्य आहे, गुण कापा.

जुना_परीक्षक
ओळी मोजून न्याय ठरत नाही; एका वाक्यातही तो करता येतो. हे वाक्य ठिबक नाकारणाऱ्या शेतकऱ्याला वाचून दाखवले, तर तो 'होय, माझे हेच म्हणणे आहे' असे म्हणेल का? नाही, कारण मुलाने त्याचे कारण न सांगता त्याच्या स्वभावाला नाव ठेवले आहे. शिवाय आक्षेप सवयीचा आणि उत्तर क्षारांचे. क्षारपडीचा मुद्दा खरा आहे, पण तो मुलाच्या स्वतःच्या बाजूचा पुरावा आहे, खंडन नव्हे.

कृष्णाकाठचा_ऊसवाला
आमच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्या, छिद्रे क्षाराने बुजली आणि राहिलेले २०१९ च्या महापुरात वाहून गेले. पैसे आधी आपण घालायचे, अनुदान मागाहून. सक्ती नकोच!

पलूसची_शिक्षिका
दादा, ठिबक चांगले की वाईट, हा माझा प्रश्न नव्हता. पण मुलाने लिहायला हवे होते ते विरोधी मत तुमच्याकडून मिळाले.

जुना_परीक्षक
त्यातला सर्वांत जड मुद्दा पैशाचा आहे, आणि तेवढा एक घेतला तरी पुरे; पूर किंवा उंदीर आले नाहीत म्हणून गुण कापू नयेत. 'आधी खर्च करावा लागत असल्याने लहान शेतकऱ्याला सक्ती झेपत नाही, हे खरे आहे. म्हणून अनुदान आगाऊ मिळेल तेथेच सक्ती असावी,' असे त्याने लिहिले असते, तर आक्षेपालाच उत्तर मिळाले असते. मात्र 'हे खरे आहे' म्हणून शेवटी पुन्हा 'सर्वांना सक्ती कराच' असे लिहिले, तर ती मान्यता तोंडदेखली ठरते. मुलाने आता जे लिहिले आहे, त्याला मी १ गुण देईन.

मिरज_पूर्व
विधान असे आवरते घेतले, तर दुसरा परीक्षक मुलगा डळमळला असे म्हणेल. मत पटवून देणाऱ्या निबंधात ठामपणाही लागतो.

जुना_परीक्षक
अट घातलेले विधानही ठाम असू शकते. पण सगळे परीक्षक तसे मानत नाहीत, हे कबूल.

पलूसची_शिक्षिका
क्षारपडीसाठी मी २ देणार होते, पण त्याचे गुण मुख्य मुद्द्यांत आधीच दिले आहेत. १ की २, हे अजून ठरत नाही. तूर्त गुण पेन्सिलीने लिहिते आणि समासात विचारते: 'हे वाक्य पाटपाणी देणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याला वाचून दाखवशील का?'