दिवाळीचा दूध फरक: सभासदाचा फायदा की त्याचेच अडकलेले पैसे?

बी.कॉम.ची विद्यार्थिनी, करवीर तालुका: गावच्या दूध संस्थेवर प्रोजेक्ट करतेय. गायीच्या दुधाला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला मूळ दर, त्यावरून वर-खाली, आणि दहा दिवसांनी बिल, इथवर कळलं. वर्षभर घातलेल्या दुधावर दिवाळीला लिटरमागे जे वरचे पैसे, म्हणजे फरक, मिळतो तो 'सभासदांचे फायदे' यात लिहू का? बाबा म्हणतात, आपलेच पैसे आहेत ते.

अकाउंटंट, सांगली: बिनधास्त लिही. फरक म्हणजे लाभांशच, नफ्यातून आलेला.

संस्थेचा माजी सचिव: लाभांश नव्हे. लाभांश शेअरवर मिळतो आणि सहकार कायद्यात त्याला साधारण १५ टक्क्यांची मर्यादा आहे. फरक दुधावर मिळतो. समजा, एकाने वर्षात ३,००० लिटर घातलं आणि फरक २ रुपये निघाला. त्याला ६,००० मिळतील. शेअर १,००० रुपयांचा आणि लाभांश १० टक्के धरला तर त्याचे फक्त १००. ज्याचा शेअर आहे पण गोठा रिकामा, त्याला फरक शून्य. सहकाराचं मर्म इथंच आहे, पोरी.

दूध उत्पादक, कागल: मर्म राहू दे, तारखा बघा. एप्रिल ते मार्चच्या दुधाचा फरक पुढच्या दिवाळीला. एप्रिलात घातलेल्या दुधाचे पैसे दीड वर्षानं! सगळं दूध धरून सरासरी तेरा महिने होतात. मी पेंडीसाठी बारा टक्क्यांनी कर्ज काढतो. त्या ६,००० वर माझं पावणेआठशे व्याज गेलं. पेढा वाटून देता तो फरक हाच.

माजी सचिव: आणि आधीच दोन रुपये जास्त वाटले आणि भुकटीचा भाव पडला तर? दिलेला दर परत मागायला कोणाच्या गोठ्यात जायचं? वर्षाचा हिशेब मार्चनंतरच लागतो.

दूध उत्पादक, कागल: मग अर्धा फरक सहा महिन्यांनी द्या. अंदाज तेवढा तरी येतोच की.

नवीन सभासद: माझी फॅट संध्याकाळी ३.१ वर येते, सकाळी ठीक असते. मशीन खोटं आहे का? फरकातही मार बसणार.

माजी सचिव: फरक लिटरवर असेल तर त्यात नाही, रोजच्या बिलात मात्र बसेल. संध्याकाळी शेवटची धार वासराला सोडता का? फॅट त्याच धारेत जास्त असते. चार दिवस पूर्ण पिळून बघा. तरीही पडली तर बरणी ढवळून, तुमच्यासमोर नमुना घ्यायला लावा. न ढवळता वरून घेतला तर साय जास्त येते, तळातून घेतला तर कमी.

विद्यार्थिनी: म्हणजे खात्यात फरक दूध खरेदीच्या खर्चात जातो की नफ्याच्या वाटणीत?

अकाउंटंट, सांगली: लाभांशाचं माझं चुकलं. पण मी तरी वाटणीत दाखवेन.

माजी सचिव: आम्ही खरेदीत दाखवायचो, म्हणून नफा कमी दिसायचा. ताळेबंदाआधी संस्थेचा ठराव वाच, आणि बाबांना विचार, मध्येच म्हैस विकणाऱ्याला फरक दिला का. आमच्याकडं त्यावर दर सभेत भांडण व्हायचं.